दोन फोनवर कीर्तनाचं शूटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या सप्ताहाची कीर्तनं मी काही वर्षांपासून दोन फोनवर घेतो. पूर्ण कीर्तन आडवं यूट्यूबवर जातं आणि त्यातले दोन-चार दृष्टांत उभे करून रील आणि शॉर्ट्समध्ये. दरवर्षी सप्ताह जवळ आला की दुसऱ्या गावांतली पोरं फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. यात धरलंय ते रात्री नऊ ते अकराचं वारकरी कीर्तन: मंडप, तीन-चार फूट उंच स्टेज, मधोमध महाराज, मागे विणेकरी आणि टाळकऱ्यांची रांग, एका बाजूला मृदंग, दुसऱ्या बाजूला पेटी आणि गायक.

पहिला फोन कुठे उभा करायचा?

समोर, बरोबर मधोमध. आमच्याकडे एका बाजूला बाया आणि एका बाजूला माणसं बसतात, मध्ये जाण्या-येण्याची वाट असते. त्या वाटेच्या तोंडाशी, स्टेजपासून पंचवीस-तीस फुटांवर स्टँड लावा. वाटेत नको, कडेला. आरतीच्या वेळी सगळं गाव त्याच वाटेनं पुढे येतं.

जागेपेक्षा उंचीचा घोळ जास्त होतो. लोक खाली बसलेले असतात, म्हणून स्टँड चार फुटांवर ठेवला तरी चालेल असं वाटतं. पण स्टेज तीन फूट आणि त्यावर उभा माणूस, म्हणजे महाराजांचा चेहरा जमिनीपासून आठ फुटांवर. चार फुटांवरून घेतलं की हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात, शिवाय माईकचा दांडा बरोबर तोंडावर येतो. फोन साडेसहा-सात फुटांवर न्या. तेवढा उंच स्टँड नसेल तर टेबलावर स्टँड ठेवा आणि टेबलाचे पाय मंडपाच्या खांबाला सुतळीनं बांधा. खांबालाच फोन बांधू नका, मृदंगाच्या घुमाऱ्यानं आणि वाऱ्यानं खांब हलतो.

या फोनच्या चौकटीत पूर्ण टाळकऱ्यांची रांग, मृदंग, पेटी सगळं यायला हवं, आणि महाराज मधल्या तिसऱ्या भागात. ही तिसऱ्या भागाची अट कशासाठी ते खाली उभ्या कटिंगच्या प्रश्नात येईल.

आणि दुसरा फोन?

स्टेजच्या जवळ, बाजूनं, साधारण पस्तीस-चाळीस अंशांच्या तिरक्या कोनात, दुप्पट झूमच्या भिंगावर. बोटांनी ओढून केलेला झूम नको, फोनला वेगळं भिंग असेल तर तेच. नसेल तर फोन आणखी जवळ न्या.

कुठली बाजू, यावर माझं मत पक्कं आहे: मृदंग ज्या बाजूला असेल त्या बाजूनं. चालीवर आले की महाराज मृदंगाचार्यांकडे वळतात. दुसरा फोन पेटीच्या बाजूला असेल तर नेमक्या रंगलेल्या क्षणाला त्यात महाराजांची पाठ आणि फेट्याचा शेमला येतो. मृदंगाच्या बाजूनं घेतलं की वळलेला चेहरा समोर येतो. मृदंगाचार्य आड येतील अशी भीती वाटते, पण ते महाराजांच्या थोडे मागे उभे असतात, त्यामुळे कोन पस्तीस-चाळीस अंशांपुढे गेला नाही तर आड येत नाहीत. फार तर पखवाजाचं एक तोंड कडेला दिसतं, आणि ते छानच दिसतं.

चौकट गुडघ्यापासून फेट्याच्या वर एक वीत मोकळी ठेवून. छातीपर्यंत जवळ जाण्याचा मोह होतो, पण महाराज हात पसरतात, दोन पावलं पुढे येतात, उपरणं झटकतात. घट्ट चौकटीत हे सगळं कापलं जातं, आणि आपण तिथं दोन तास फोन हलवत उभे राहणार नसतो.

दुसरा फोन उभाच धरला तर? शेवटी उभंच करायचंय ना.

फक्त रील करायची असतील तर धरा. पण पूर्ण कीर्तनही चढवायचं असेल तर नको. दोन तासांच्या आडव्या व्हिडिओत एकच कोन राहिला की मधला खोकला, पाणी, नावं पुकारणं काही कापता येत नाही, कारण कापलेली जागा झटका बसल्यासारखी दिसते. दुसरा आडवा कोन असला की त्यावर उडी मारून कट लपवता येतो.

दोन्ही फोन आडवे आणि ४के वर ठेवा, हिशोब बसतो. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०. त्यातून उभी पट्टी कापली तर १२१५ बाय २१६० मिळते, आणि रीलला लागतात १०८० बाय १९२०. म्हणजे काही ताणावं लागत नाही. तेच साध्या फुल एचडीत घेतलं तर उभी पट्टी जेमतेम ६०७ रुंद निघते आणि चेहरा पिठासारखा पसरतो. दुसऱ्या फोनला ४के असेल आणि पहिल्याला नसेल, तरी जवळचा कोन ४के फोनलाच द्या, कारण उभं कटिंग बहुतेक त्यातूनच होतं.

सुरू करण्याआधी फोनमध्ये काय काय बंद करायचं?

सगळ्यात आधी विमान मोड. कीर्तन चालू असताना फोन आला की कितीतरी फोनचं रेकॉर्डिंग थांबतं आणि ते कळतं थेट आरतीला.

मग उजेडाचा बंदोबस्त. महाराजांचं धोतर, बंडी, फेटा सगळं पांढरं, वर हॅलोजन किंवा एलईडी, मागे काळोख. फोन स्वतःच्या मनानं उजेड ठरवतो तेव्हा काळोखाला भुलून चित्र उजळवतो आणि फेट्याच्या घड्या जाऊन नुसता पांढरा गोळा उरतो. स्टेजच्या मागे मोठी एलईडी भिंत असेल तर उलटं, चेहराच काळा पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, कुलूप लागलं की उजेड खाली ओढत न्या, फेट्याच्या घड्या दिसायला लागल्या की थांबा. चेहरा थोडा सावळा वाटला तरी चालेल, तो नंतर उजळता येतो. जळालेला फेटा परत येत नाही.

शटर हातानं लावता येत असेल तर १/५० किंवा १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, १/६० वर काही दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकतात. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर आयफोनवर Blackmagic Camera आणि अँड्रॉइडवर Open Camera ही फुकट मिळणारी अ‍ॅप चांगली आहेत. सेकंदाच्या फ्रेम दोन्ही फोनवर सारख्याच ठेवा. २५ दोन्हीकडे नसेल तर दोन्हीकडे ३०. एचडीआर बंद आणि व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे सारखा, नाहीतर एका फोनचा फेटा पिवळट आणि दुसऱ्याचा निळसर जुळवताना रात्र जाते. स्टँडवर असताना जास्तीचं स्थिरीकरणही बंद.

जागेचा अंदाज: आयफोनवर ४के ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, जुन्या सुसंगत पद्धतीत ३५०. सव्वादोन तासांना २३ ते ४७ जीबी. पॉवर बँक लावा आणि फोनचं कव्हर काढा, गरम होऊन बंद पडणारे फोन बहुतेक जाड कव्हरातले असतात.

मिक्सरमधून आवाज घ्यायची खरंच गरज आहे का? फोनचा माईक काय वाईट?

तीस फुटांवरच्या फोनला महाराज ऐकू येत नाहीत, कर्णे आणि बॉक्स ऐकू येतात, त्यात पंखे, पोरं, जनरेटर. गजर बरा लागतो, निरूपण मात्र विहिरीतून आल्यासारखं. रीलमध्ये तर पहिल्या दोन सेकंदांत शब्द कळला नाही की माणूस पुढे सरकतो.

मिक्सरच्या कुठल्या भोकातून घ्यायचा?

संध्याकाळी पाच-साडेपाचला, साउंडवाले वायरी ओढत असतात तेव्हा जा. नऊ वाजता गेलात तर कुणी उभं करणार नाही. आमचं बोलणं साधारण असं होतं:

"दादा, ऑक्स मोकळा आहे का एखादा?"

"एक मॉनिटरला गेलाय, दुसरा इकोला."

"मग रेक आउट?"

"तो घ्या की. पण माझ्या मेनला हात लावू नका."

यात सगळं आलं. ऑक्स म्हणजे मिक्सरमधून आवाज बाहेर काढायची जास्तीची वाट. तो मोकळा असेल तर तोच उत्तम, कारण त्यावर आपल्यापुरता वेगळा मेळ बसवता येतो आणि तो फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या, आधीचा ठेवला तर साउंडवाल्यानं मंडपासाठी केलेली वर-खाली आपल्याकडे येत नाही. शिवाय इको नसलेला कोरडा आवाज मिळतो. लहान मिक्सरवर मात्र ऑक्स क्वचितच मोकळा असतो. मग रेक आउट, तेच ते दोन लाल-पांढरे गोल सॉकेट. त्यात मंडपातला सगळा मेळ इकोसकट येतो. काही मिक्सरवर मुख्य फेडर खाली केला की रेक आउटही खाली जातो, काहींवर नाही. "हॅलो चेक" चालू असताना दादांना एकदा फेडर हलवायला सांगून ऐकून घ्या.

मिक्सरला पेनड्राइव्हचं तोंड असेल तर आधी विचारा की त्यात रेकॉर्डिंग होतं का. पुष्कळ मिक्सरवर ते फक्त गाणी वाजवायला असतं. होत असेल तर पेनड्राइव्ह लावून ठेवा, दुसरा उपाय फसला तर हा हाताशी राहतो.

ती वायर सरळ फोनच्या हेडफोनच्या भोकात घातली तर?

नका घालू. मिक्सरमधून येणारा आवाज व्होल्टच्या घरातला, फोनची माईकची वाट मिलिव्होल्टची. म्हणजे वाटीत घागर ओतायची. आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

लाइन इन असलेला छोटा रेकॉर्डर मिळाला तर सगळ्यात सुटसुटीत. नाहीतर यूएसबीवर चालणारा, लाइनची वाट असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस आणि घरी पडलेला जुना फोन. हा तिसरा फोन चित्र घेत नाही, मिक्सरच्या टेबलाखाली पडून नुसता आवाज घेतो. त्याला मिक्सरच्याच बोर्डवरून चार्जर लावू नका, पॉवर बँक लावा. चार्जर लावल्याबरोबर "हूंऽऽ" असा सलग आवाज आला आणि काढल्यावर गेला, तर तो अर्थिंगचा घोळ समजा.

आवाजाची पातळी केव्हा आणि किती लावायची?

"हॅलो, हॅलो" वर लावली की हमखास फसते. साउंडवाल्याचं हॅलो आणि तीस टाळांचा गजर यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सुरुवातीला "जय जय रामकृष्ण हरी"चा गजर होतो, तेव्हा रेकॉर्डरजवळ बसा. त्या गजरात काटा उणे सहा डेसिबलपर्यंत जाऊन परत यायला हवा. मग निरूपणाला तो उणे अठरा-वीसच्या आसपास खेळेल. कमी वाटतं, पण बरोबर आहे. शेवटच्या भजनाला सगळेच उठतात तेव्हा ही मोकळी जागा कामी येते. एकदा गजराला लावलं की नंतर हात लावू नका.

मिक्सरचा आवाज स्वच्छ आला, पण कीर्तन मेल्यासारखं वाटतं. का?

कारण टाळांना माईक नसतो. महाराजांना, गायकाला, पेटीला, मृदंगाला असतो. टाळकऱ्यांना फार तर एखादा. मंडपात टाळ असेच ऐकू येतात, म्हणून साउंडवाला त्यांना मिक्सरमधून देत नाही, आणि ते बरोबरच आहे, तो मंडपासाठी काम करतोय. पण रेक आउटला कान लावलात तर महाराज एका बंद खोलीत एकटे कीर्तन करतायत असं वाटतं. लोकांचा हशा नाही, "विठ्ठल विठ्ठल" म्हणणारा मंडप नाही.

म्हणून समोरच्या फोनचा आवाज फेकू नका. मिक्सरचा आवाज मुख्य, आणि त्याखाली समोरच्या फोनचा बारा ते पंधरा डेसिबल कमी करून. निरूपणात आणखी खाली, गजराला आणि हशाला वर.

इथे एक खाचखळगा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तीस फूट म्हणजे नऊ मीटर, त्याला सव्वीस मिलिसेकंद लागतात. फोन साठ फुटांवर असेल तर बावन्न, आणि मग टाळ दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. पण कर्णे कुठे टांगलेत त्यावर हे अंतर बदलतं, म्हणून गणितावर विसंबू नका. एडिटिंगमध्ये आवाजाच्या दोन्ही पट्ट्या मोठ्या करा, मृदंगाच्या एका थापेचा सुळका शोधा आणि फोनची पट्टी डावीकडे सरकवून सुळक्याखाली सुळका आणा.

हेडफोनवर आवाज चांगला, पण फोनच्या स्पीकरवर महाराज गायब. हे काय?

हे माझ्या बाबतीत झालंय आणि चूक माझीच होती. ऑक्समधून मोठ्या जॅकची, तीन कड्यांची वायर काढली आणि दुसरं टोक रेकॉर्डरच्या स्टिरिओ भोकात घातलं. काही मिक्सरचा ऑक्स बॅलन्स्ड असतो. त्यात वायरीच्या दोन तारांत एकच आवाज असतो, पण एक सुलटा आणि एक उलटा. रेकॉर्डरनं त्यांना डावा आणि उजवा समजून घेतलं. हेडफोनवर दोन्ही कानांत आवाज येत होता, थोडा पोकळ वाटला एवढंच. रात्री एकला रील चढवलं, सकाळी मामांनी विचारलं, "आवाज कुठाय रे?" त्यांच्या फोनला एकच स्पीकर, सुलटा आणि उलटा एकत्र आले आणि एकमेकांना खाऊन बसले.

उपाय सोपा: एडिटिंगमध्ये एकच बाजू ठेवा, डावी म्हणा, आणि तीच दोन्हीकडे द्या. चढवण्याआधी प्रत्येक तुकडा एकदा एक स्पीकरवाल्या फोनवर वाजवून बघा.

तीन रेकॉर्डिंग एकमेकांना कशी जुळवायची?

तिन्ही सुरू झाल्यावर, स्टेजवर कुणी नसताना, टाळकऱ्यातल्या एखाद्याला माईकपुढे टाळ एकदा जोरात वाजवायला सांगा. टाळ भिडताना चित्रात दिसतो आणि पट्टीत काट्यासारखा सुळका उठतो. आरती संपल्यावर पुन्हा एकदा.

हा दुसरा टाळ पुष्कळजण विसरतात. प्रत्येक यंत्राचं घड्याळ थोडं वेगळं चालतं. दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी दोन तासांत १४४ मिलिसेकंद होतात, म्हणजे पंचवीस फ्रेमवर साडेतीन फ्रेम. सुरुवातीला ओठ जुळलेले आणि शेवटच्या अभंगाला सुटलेले, तर कारण हेच. रीलचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्यात मृदंगाच्या थापेवर पुन्हा जुळवा, झालं. पूर्ण व्हिडिओसाठी आवाजाची पट्टी शेवटच्या टाळापर्यंत किंचित ताणा किंवा आखडा.

फरक सरळ वाढत न जाता मध्येच मागे-पुढे होत असेल तर फोननं फ्रेम कमी-जास्त गतीनं घेतल्या आहेत. ती फाइल आधी HandBrake मध्ये Constant Framerate निवडून काढून घ्या. जुळवणीला DaVinci Resolve ची फुकट आवृत्ती पुरते. आवाजाच्या आकारावरून ती आपोआपही जुळवते, पण टाळ तपासून घ्या.

उभा तुकडा नक्की कसा कापायचा? एक उदाहरण द्या.

मागच्या सप्ताहातला एक दृष्टांत घेतो: मळ्यातल्या पाटाचं पाणी आणि दोन भावांचं भांडण. रेकॉर्डिंगमध्ये ५२:४० ला सुरू झाला, ५७:०५ ला संपला, म्हणजे ४ मिनिटं २५ सेकंद. शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची मुभा आहे, पण मला दोनच्या आत हवा होता.

आधी डोळे मिटून नुसता ऐकला. मध्ये ५५ सेकंदांचा गजर होता, तो काढला. कुणीतरी बक्षीस दिलं, नाव पुकारलं, ४० सेकंद गेले. महाराजांनी एक वाक्य मागच्या लोकांसाठी पुन्हा सांगितलं, ३८ सेकंद. शेवटी हशा ओसरेपर्यंतचे २० सेकंद. उरला १ मिनिट ५२ सेकंद.

सुरुवात बाजूच्या फोनवर, "दोघं भाऊ, एकच पाट" या वाक्यावर. "तर मंडळी, एका गावात" यानं सुरू केलेलं रील कुणी थांबून बघत नाही. तीन जागी कापलं, आणि तिन्ही ठिकाणी कोन बदलला: बाजूचा, समोरचा, बाजूचा, पुन्हा समोरचा. कट श्वासावर घेतला, शब्दावर नाही. समोरच्या फोनच्या आडव्या चित्रातून उभी पट्टी कापली की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग राहतो, म्हणून महाराज मधल्या तिसऱ्या भागात हवेत असं वर म्हटलं. ते दोन पावलं बाजूला गेले तिथे पट्टी त्यांच्यामागे सरकवली, पण ते थांबल्यावर. चालतानाच सरकवली तर बोटीत बसल्यासारखं होतं.

गजराचा तुकडा मात्र उभ्या पट्टीत कधीच बसत नाही, टाळकऱ्यांची रांग कापली की राहतं काय? तिथे उभ्या चौकटीचे दोन मजले करतो: वरच्या १०८० बाय ९६० मध्ये समोरच्या फोनची रांग, खालच्या तेवढ्यातच बाजूच्या फोनमधले महाराज.

अक्षरं घालायची तर चौकटीच्या खालच्या चौथ्या भागात नको, तिथे अ‍ॅपचं नाव-गाव येतं, आणि उजव्या कडेला बटणं. मी छातीच्या उंचीवर, दोन ओळींत घालतो. अभंगाचा चरण असेल तर गाथेत बघून लिहा, ऐकून नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तर खाली शंभर कॉमेंट त्याच्याच येतात.

दृष्टांत कापताना अर्थ बदलला तर?

बदलतो, आणि म्हणूनच हे काम माझ्या मते सगळ्यात जोखमीचं. महाराज आधी एखाद्या माणसाची नक्कल करून त्याचं बोलणं बोलून दाखवतात आणि दोन मिनिटांनी त्याला खोडून काढतात. नुसती नक्कल कापली की ते महाराजांचंच मत होऊन गावभर फिरतं. माझा नियम असा: खोडणारं वाक्य तुकड्यात बसत नसेल तर तो तुकडाच नाही. आणि चढवण्याआधी तुकडे महाराजांना पाठवतो. रेकॉर्डिंगची परवानगी तर आधीच घेतलेली असते, पण हा तुकडा चालेल का, हे वेगळं विचारावं लागतं.

चढवल्याबरोबर कॉपीराइटचा दावा आला. अभंग तर संतांचे!

अभंग संतांचे, चाल सिनेमातली. गायकानं एखाद्या गाण्याच्या चालीवर अभंग लावला असेल तर यंत्रणा चाल ओळखते. रीलसाठी तेवढा भाग सोडून निरूपणाचा घ्या. पूर्ण व्हिडिओत दावा आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात. आम्ही ते तसंच सोडून देतो.